सकाळी सहा दहाला मृत्यू, साडेअकराला खरेदीखत

माझ्या टेबलापलीकडे तीन माणसं बसली होती. डावीकडे भाचा, ज्याच्या हातात कुलमुखत्यारपत्र होतं. उजवीकडे घर घेणारा, ज्याच्या हातात नोंदणी झालेलं खरेदीखत होतं. मधे मुलगी, जिच्या हातात आईच्या मृत्यूचा दाखला होता. दाखल्यावर ९ ऑगस्टची तारीख आणि सकाळी ६.१० ही वेळ होती. खरेदीखतावर त्याच दिवशीची सकाळी साडेअकराची नोंद होती.

घर घेणाऱ्याने एकच विचारलं, "मॅडम, आमचं घर गेलं का?"

भाच्याचा प्रश्न वेगळा होता. "पत्र रजिस्टर्ड होतं. आत्याने स्वतः ऑफिसात येऊन सही केली होती. मी फोन बंद ठेवला होता, मला काही कळलंच नव्हतं. मग ते पत्र संपलं कधी?"

तिघंही सहा दहा आणि साडेअकरा या दोन वेळांमध्ये अडकले होते. मीही पहिले दोन तास तिथेच अडकले. या प्रकरणाची खरी तारीख वेगळी होती, आणि ती कागदपत्रांच्या गठ्ठ्यात होती. नावं देत नाही, पण क्रम जसा घडला तसाच सांगते, कारण मुखत्यार काय करू शकतो आणि त्याचा अधिकार कधी संपतो, हे इथे एकेका सहीला लावून बघता येतं.

कागद काय म्हणत होता

आत्या विधवा होत्या. एकुलती मुलगी परदेशात. राहतं घर, भाड्याने दिलेली एक सदनिका आणि एक छोटा गाळा, एवढी मिळकत. गुडघ्यांमुळे जिने चढवत नव्हते, म्हणून जानेवारीत त्यांनी भाच्याच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून दिलं आणि ते दुय्यम निबंधकांकडे नोंदवलं. पत्रात अधिकार एकेक करून लिहिले होते. सदनिका भाड्याने देणं, भाडं वसूल करणं, अमुक बँकेतलं खातं चालवणं, कर भरणं, सदनिका विकण्यासाठी साठेखत आणि खरेदीखत करणं, मोबदला घेणं, नोंदणीला हजर राहून दस्त कबूल करणं. शेवटी नेहमीचं वाक्य होतं, "आणि वरील कामांसाठी आवश्यक ती सर्व कृत्ये करणे". सगळ्यात शेवटी आणखी एक ओळ होती, "हे मुखत्यारपत्र रद्द न होणारे आहे". या ओळीकडे पुढे येते.

पहिली गोष्ट ही की "सर्व कृत्ये" म्हणजे सगळं काही नव्हे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १८८ प्रमाणे एखादं काम करण्याचा अधिकार दिला की ते काम पार पाडायला लागणाऱ्या कायदेशीर गोष्टी त्यात येतात. पण त्या त्या कामासाठीच्या. मुखत्यारपत्र वाचताना न्यायालयं मोकळ्या हाताने अर्थ लावत नाहीत. आधी मोजून दिलेले अधिकार बघतात आणि मागून येणारे "सर्व कृत्ये" हे शब्द त्या यादीच्या कुंपणातच ठेवतात. व्यवस्था पाहण्याच्या अधिकारात विक्री येत नाही. विक्रीच्या अधिकारात दान येत नाही.

हे नुसतं तत्त्व म्हणून सांगत नाही. मार्चमध्ये भाच्याने सदनिकेचा भाडेकरार केला. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणं, अनामत रक्कम घेणं, पावती देणं यांतलं काहीच पत्रात लिहिलेलं नव्हतं, तरी सगळं चाललं, कारण भाड्याने देण्याच्या कामाला ते लागतंच. मेमध्ये मात्र त्याने गाळ्याचं बक्षीसपत्र करून तो आपल्या बायकोच्या नावे केला. त्याचं म्हणणं, आत्यानेच फोनवर सांगितलं होतं, "तो गाळा सूनबाईला दे, तिने माझं खूप केलं."

त्या तसं बोलल्या असतील. माझा त्याच्यावर विश्वास बसला. पण स्थावराचं बक्षीस व्हायला नोंदवलेला दस्त लागतो आणि त्यावर देणाऱ्याची किंवा देणाऱ्याच्या वतीने सही लागते. वतीने सही करायची तर दान देण्याचा अधिकार पत्रात हवा. तो नव्हता. त्यातून बक्षीस गेलं मुखत्याराच्या स्वतःच्या घरात. मुखत्याराने त्याच व्यवहारात स्वतःचा फायदा बघितला आणि मालकाला सगळी माहिती देऊन त्याची संमती आधी घेतली नाही, तर कलम २१५ आणि २१६ त्याच्याविरुद्ध जातात. इथे संमतीचा एकमेव पुरावा म्हणजे एक फोन, आणि फोनवर पलीकडे बोलणारी व्यक्ती आता नव्हती. गाळ्याचा दस्त टिकणार नाही, हे मी त्याला पहिल्याच बैठकीत सांगितलं. त्याने वाद घातला नाही. बाकीच्या चर्चेत त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मुलीच्या मनात शंका उरली नाही, त्याला हे एक मोठं कारण झालं.

जूनची सही

१० जूनला भाच्याने सदनिकेचं साठेखत केलं. सही करताना आत्यांचं नाव लिहून खाली "तर्फे कुलमुखत्यार" म्हणून स्वतःची सही केली. इसाराची रक्कम आत्यांच्या खात्यात जमा झाली. दुसरा हप्ता जुलैअखेर आणि उरलेली रक्कम खरेदीखताच्या दिवशी, असं ठरलं.

ही सही निर्दोष होती. अधिकार पत्रात होता, आत्या हयात होत्या, शुद्धीत होत्या आणि त्यांना व्यवहार माहीत होता. अशा सहीने मुखत्यार नव्हे, मालक बांधला जातो. आणि मालक बांधला गेला की तो गेल्यावर त्याचे वारसही बांधले जातात. पुढे सगळं कोसळल्यासारखं वाटत होतं, तेव्हा घर घेणाऱ्याच्या पायाखाली घट्ट राहिली ती ही एक सही.

जुलै: वाचा गेली, समज नाही

२ जुलैला आत्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू आणि वाचा गेली. मुलगी आली, आठ दिवस राहून परत गेली. २५ जुलैला घर घेणाऱ्याने दुसरा हप्ता दिला आणि भाच्याने मुखत्यार म्हणून पावती दिली.

आता कलम २०१ बघावं लागतं. मुखत्याराचा अधिकार कशाने संपतो याची यादी त्यात आहे: मालकाने अधिकार काढून घेतला, मुखत्याराने काम सोडलं, काम पूर्ण झालं, मालक किंवा मुखत्यार यांपैकी कोणी मरण पावलं, दोघांपैकी कोणाचं मन विकल झालं, किंवा मालक दिवाळखोर ठरला. वाचा जाणं या यादीत नाही. आजारी पडणंही नाही. प्रश्न मनाच्या स्थितीचा आहे, आणि ती कशी मोजायची हे कलम १२ सांगतं: व्यवहार समजून घेता येतो का, आणि त्याचा आपल्या हिताअहितावर काय परिणाम होईल याचा विचार करून निर्णय घेता येतो का.

रुग्णालयाच्या केसपेपरवर १२ ते ३० जुलै या काळात ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी रोज जवळजवळ एकच ओळ लिहिली होती. रुग्णाला सांगितलेलं समजतं, मान हलवून होय-नाही सांगतात, बोलता येत नाही. २४ जुलैच्या पानावर नर्सची नोंद होती की रुग्णाने डाव्या हाताने कागदावर "सही झाली का" असं लिहून भाच्याला विचारलं.

ती नोंद वाचून मुलगी बराच वेळ गप्प बसली. कायद्याच्या दृष्टीने त्या तीन शब्दांनी २५ जुलैची पावती वाचवली. व्यवहार काय चाललाय हे आत्यांना कळत होतं. वाचा गेली म्हणून मुखत्यारपत्र संपलं असतं, तर जिथे त्याची सर्वांत जास्त गरज असते तिथेच ते निकामी झालं असतं. वकिलांनाही मी इथे गफलत करताना पाहिलंय. अर्धांगवायू म्हटलं की माणूस "गेल्यातच जमा" धरतात. तसं धरू नये. केसपेपर मागवावेत, आणि निदानाचं नाव वाचून न थांबता रोजच्या नोंदी वाचाव्यात.

४ ऑगस्ट

गठ्ठ्यातली खरी तारीख ही. ४ ऑगस्टला संध्याकाळी मेंदूत मोठा रक्तस्राव झाला आणि आत्या पूर्ण बेशुद्ध झाल्या. त्या परत शुद्धीवर आल्या नाहीत. त्या रात्री नऊच्या सुमारास अतिदक्षता विभागात नेण्याच्या संमतीपत्रावर भाच्याची सही आहे. त्यावर "रुग्ण बेशुद्ध" असं स्पष्ट लिहिलंय.

मी त्याला विचारलं, "चार तारखेनंतर तुम्ही कुठे कुठे सही केली?"

"सात तारखेला हॉस्पिटलच्या बिलाचा चेक. आणि नऊला खरेदीखत."

"आत्या बेशुद्ध असताना पत्र चालतं, असं कोणी सांगितलं?"

तो गोंधळला. "कोणी सांगायला कशाला पाहिजे? आजारपणात उपयोगी पडावं म्हणूनच तर केलं होतं ना ते!"

हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकलंय की आता ऐकताना पोटात तुटतं. लोक मुखत्यारपत्र करतात ते पुढे आपल्याला काही सुचेनासं झालं तर, या विचाराने. आणि आपल्या कायद्यात नेमकं तेव्हाच ते संपतं. कारण साधं आहे. मुखत्याराचा अधिकार उसना असतो. मालक स्वतः जे करू शकतो तेच तो मालकाच्या वतीने करतो. मालकालाच करार करता येत नाही अशी अवस्था आली की उसनं द्यायला काही उरत नाही. पत्रावर नोंदणीचा शिक्का असो, मुदत दहा वर्षांची असो, ते मालकाच्या शुद्धीबरोबर संपतं.

काही देशांनी यावर वेगळी वाट काढली आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये साधं मुखत्यारपत्र असंच संपतं, पण २००५ च्या मानसिक क्षमता कायद्याखाली वेगळ्या प्रकारचं, टिकाऊ मुखत्यारपत्र करता येतं. ते सरकारी कार्यालयात नोंदवलं की मालकाची समज गेल्यावरही चालतं. अमेरिकेत २००६ च्या नमुना कायद्याप्रमाणे चालणाऱ्या राज्यांत तर पत्रात उलट लिहिलं नसेल तर ते टिकाऊच धरतात. आत्यांची मुलगी ज्या देशात राहते तिथेही अशी सोय आहे, म्हणून तिलाही वाटलं होतं की दादाकडे पत्र आहे म्हणजे काळजी नाही. भारतात अशी सोय नाही. कोमात गेलेल्या माणसाच्या मिळकतीसाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. घटनेच्या कलम २२६ खाली न्यायालय पालक नेमतं. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या: वैद्यकीय मंडळाची तपासणी, महसूल अधिकाऱ्याचा चौकशी अहवाल, वारसांची संमती, आणि नंतर पालकाने द्यायचे हिशेब. याला वेळ लागतो, पण त्यातून मिळणारा अधिकार खरा असतो.

"रद्द न होणारे" या ओळीचं काय?

घर घेणाऱ्याचे वकील दुसऱ्या बैठकीला आले आणि त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. पत्र रद्द न होणारं आहे, मग बेशुद्धी काय, मृत्यू काय, ते चालूच राहील.

करार अधिनियमाचं कलम २०२ तसं म्हणतं खरं, पण एका अटीवर. ज्या मिळकतीबद्दल मुखत्यारपत्र आहे तिच्यात मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध असला पाहिजे. कायद्यातलंच उदाहरण सोपं आहे: तुम्ही मला तुमच्याकडून असलेलं माझं येणं वसूल करून घेण्यासाठी तुमची जमीन विकायचा अधिकार दिला, तर तुम्ही तो काढून घेऊ शकत नाही, आणि तुमच्या मृत्यूने किंवा वेडानेही तो संपत नाही. कारण ती विक्री माझ्या पैशांसाठी आहे. आमच्या भाच्याला आत्यांकडून काही येणं नव्हतं. तो प्रेमापोटी धावपळ करत होता. मेहनताना किंवा दलाली मिळणार असती, तरी तेवढ्याने मिळकतीत हितसंबंध तयार झाला नसता. तेव्हा ती ओळ शोभेची होती. "रद्द न होणारे" हे शब्द टंकलेखकाने घातल्याने पत्र तसं होत नाही.

त्यांनी पुढे हेही सुचवलं की पूर्ण मोबदला मिळालाय, तर मुखत्यारपत्र आणि साठेखत मिळून मालकी आलीच असं धरू. त्याला सर्वोच्च न्यायालयाचा ११ ऑक्टोबर २०११ चा सूरज लॅम्प प्रकरणातला निकाल आड येतो. मुखत्यारपत्र हे हस्तांतराचं साधनच नाही, रद्द न होणारं असलं तरी त्याने मालकी जात नाही, मालकी नोंदवलेल्या खरेदीखतानेच जाते. त्याच निकालात न्यायालयाने हेही सांगितलं की नातेवाइकाला व्यवहारासाठी दिलेलं प्रामाणिक मुखत्यारपत्र यामुळे वाईट ठरत नाही. आमचं पत्र त्या चांगल्या प्रकारातलं होतं. अडचण वेळेची होती.

९ ऑगस्ट, सकाळी साडेअकरा

मुखत्यार दस्त कबूल करायला येतो तेव्हा आपल्याकडे नोंदणी कार्यालयात त्याच्याकडून एक घोषणापत्र घेतात. अर्ध्या पानाचा छापील मजकूर असतो, लोक घाईत खाली सही करतात. भाच्याने केलेलं घोषणापत्र मी दस्ताबरोबर काढलं आणि त्याला मोठ्याने वाचायला लावलं. लिहून देणाऱ्याने पत्र रद्द केलेलं नाही. बरोबर, केलेलं नव्हतं. लिहून देणारी व्यक्ती मयत नाही. हे चूक होतं, पण त्याला माहीत नव्हतं. आणि तिसरं: अन्य कोणत्याही कारणामुळे पत्र रद्दबातल ठरलेलं नाही.

तिथे तो थांबला.

मृत्यूबद्दल त्याची बाजू भक्कम होती. कलम २०८ सांगतं की अधिकार संपला तरी मुखत्यारापुरता तो संपल्याचा परिणाम त्याला कळेपर्यंत होत नाही, आणि तिसऱ्या माणसापुरता त्या माणसाला कळेपर्यंत होत नाही. मुखत्यारपत्र अधिनियम, १८८२ चं कलम ३ सुद्धा मृत्यू, मनोविकलता किंवा रद्दपणा माहीत नसताना सद्भावाने पैसे देणाऱ्या किंवा कृती करणाऱ्या मुखत्याराला संरक्षण देतं. सहा दहाला आत्या गेल्या, त्याचा फोन बंद होता, मुलीचा निरोप दुपारी एकला पोचला. एवढंच असतं तर तो निर्धास्त होता.

पण बेशुद्धी त्याला चार तारखेपासून माहीत होती. मनोविकलता ही मृत्यूच्याच यादीत, त्याच कलमात आहे. त्यामुळे त्याच्यापुरता अधिकार चार तारखेलाच संपला होता आणि नऊ तारखेच्या फोनची सगळी कहाणी त्याच्या कामाची नव्हती. कायदा माहीत नव्हता ही सबब इथे चालत नाही. वस्तुस्थिती माहीत होती का, एवढंच बघतात. जाणूनबुजून खोटं निवेदन करणं हा नोंदणी कायद्याच्या कलम ८२ खाली गुन्हा आहे. भाच्याचा तसा हेतू नव्हता, हे मला वाटतं कोणालाही पटलं असतं. पण हेतू नव्हता हे सिद्ध करत बसण्याची वेळ आली असती.

घर घेणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला झटक्याचं माहीत होतं, बेशुद्धीचं नव्हतं, मृत्यूचंही नव्हतं. कलम २०८ चा दुसरा भाग त्याच्या बाजूने होता. उलट बाजूने म्हणता आलं असतं की जी व्यक्ती हयातच नाही तिच्या वतीने खरेदीखत होऊच शकत नाही, तोवर मिळकत वारसाकडे गेलेली असते. दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षं भांडता येईल असा हा मुद्दा आहे. आणि त्या घरावर पुढे कर्ज काढायला किंवा ते विकायला गेलं की समोरचा वकील दाखल्यावरची आणि दस्तावरची वेळ ताडून बघणारच.

सात तारखेचा चेक

सात तारखेचा चेक मुलीला खुपत नव्हता, आईच्याच उपचारांचे पैसे होते. पण भाच्याला तो समजून घ्यायचा होता. बँकेला बेशुद्धी माहीत नव्हती, म्हणून बँकेने चेक वटवला यात बँकेची चूक नाही. भाच्याचा मात्र सही करण्याचा अधिकार उरलेला नव्हता. त्याने काय करायला हवं होतं? बिल स्वतःच्या खिशातून भरून पावती ठेवायला हवी होती. ज्याला करार करता येत नाही अशा माणसाला कोणी जीवनावश्यक गोष्टी पुरवल्या, तर करार अधिनियमाच्या कलम ६८ प्रमाणे त्याची भरपाई त्या माणसाच्या मिळकतीतून मागता येते. उपचार त्यात सहज बसतात.

अधिकार संपल्यावर मुखत्याराने सगळं सोडून हात झटकायचे, असंही नाही. मालक गेला किंवा त्याचं मन विकल झालं, तर कलम २०९ मुखत्यारावर एक कर्तव्य टाकतं: त्याच्याकडे सोपवलेल्या मिळकतीचं रक्षण होईल अशी वाजवी पावलं त्याने वारसांच्या वतीने उचलायची. घराला कुलूप लावणं, दागिने आणि कागद जपून ठेवणं, गळती थांबवणं, वारसाला कळवणं. जपणं यात येतं, विकणं येत नाही. चार तारखेनंतर भाच्याने घर घेणाऱ्याला एक पत्र लिहून, आत्या बेशुद्ध आहेत, नऊची तारीख पुढे ढकलू, एवढं कळवलं असतं तर ते या कर्तव्यात चपखल बसलं असतं.

भाडेकरूचे दोन महिने

मधेच एक छोटा पेच निघाला. भाडेकरूने ऑगस्टचं भाडं १२ तारखेला भाच्याकडे दिलं आणि नंतर सप्टेंबरचंही. मुलीने १६ ऑगस्टला त्याला लेखी कळवलं होतं, पोच तिच्याकडे होती. ऑगस्टच्या भाड्यातून तो सुटला, तोवर त्याला माहीत नव्हतं. सप्टेंबरचं मात्र त्याने चुकीच्या हातात दिलं होतं. भाच्याने ते लगेच मुलीला दिलं म्हणून निभावलं, नाहीतर त्याला दुसऱ्यांदा भरावं लागलं असतं.

मालकाने हयातीत पत्र रद्द केलं तरी हेच गणित लागतं. रद्दपत्र नोंदवून कपाटात ठेवलं तर मुखत्याराशी व्यवहार करणाऱ्या बाहेरच्या माणसाला त्याचा पत्ता नसतो. मुखत्याराला, बँकेला, भाडेकरूला, आधी सहीचा व्यवहार झालेल्या प्रत्येकाला वेगवेगळी नोटीस आणि पोच, मूळ पत्र परत घेणं, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. आणि रद्द करण्याआधी मुखत्याराने जे करून ठेवलंय ते कलम २०४ प्रमाणे मालकाच्या अंगावर राहतंच.

शेवट कसा लागला

जूनचं साठेखत चांगलं होतं, ते मुलीवर बंधनकारक होतं, आणि तिला घर विकायला हरकत नव्हती. मग नऊ तारखेच्या दस्ताच्या वैधतेवर भांडण्यात अर्थ नव्हता. एकमेव वारस म्हणून मुलीने स्वतः हजर राहून त्याच व्यवहाराचं नवं खरेदीखत करून दिलं. आधीचे दोन हप्ते मिळाल्याची कबुली दिली, नऊ ऑगस्टचा दस्त कोणत्या परिस्थितीत झाला हे दोन परिच्छेदांत सरळ लिहिलं, आणि त्या दिवशी भाच्याने घेतलेली उरलेली रक्कम तिच्या खात्यात आल्याची नोंद केली. शुल्काचा भुर्दंड घर घेणाऱ्याने आणि भाच्याने वाटून घेतला. गाळ्याचं बक्षीसपत्र उभयपक्षी रद्द झालं. पुढे मुलीने तो गाळा स्वतःच्या सहीने वहिनीला दिला. आईची इच्छा होती, म्हणाली.

उरला हिशेब. मालकाने मागितला की मुखत्याराने हिशेब द्यायचा असतो, आणि मालक गेल्यावर ती मागणी वारसाकडे येते. भाच्याने जानेवारीपासूनचा जमाखर्च एका वहीत सुरेख अक्षरात लिहून आणला. प्रत्येक नोंदीसमोर पावती चिकटवलेली. शेवटी ९ ऑगस्टखाली त्याने आडवी रेघ मारून "अधिकार समाप्त" असं लिहिलं होतं.

मी काही बोलण्याआधी मुलीनेच वही ओढून घेतली. "दादा, रेघ वर घे," ती म्हणाली. त्याने पट्टी घेतली, नऊखालची रेघ खोडली आणि ४ ऑगस्टखाली मारली. सात तारखेचा चेक आणि खरेदीखताची रक्कम रेघेखाली गेली. तिथे त्याने नवीन मथळा लिहिला, "आत्याच्या वारसासाठी सांभाळलेली रक्कम", आणि पेन तिच्याकडे दिलं.